पॅकेजचे पैसे गल्ल्यात आले म्हणजे कमाई झाली नाही : सलूनवाल्यांनो, या चुका टाळा

गोरेगाव पूर्वेला माझे चार खुर्च्यांचे सलून आहे. गेली काही वर्षे ओळखीच्या सलूनवाल्या मैत्रिणी पॅकेज किंवा मेंबरशिप सुरू करण्याआधी मला फोन करतात. खरे तर बहुतेक जणी सुरू केल्यानंतर सहा महिन्यांनी करतात आणि पहिले वाक्य ठरलेले असते : "ताई, खुर्च्या भरलेल्या असतात, पण बँकेत पैसेच दिसत नाहीत." पुढचे मला न सांगताच कळते. बहुतेकींनी केलेली चूक एकच असते आणि ती सर्वांत आधी मी स्वतः केलेली आहे, म्हणून ती आधी सविस्तर सांगते.

आगाऊ रकमेला विक्री समजणे

२०१८ च्या दिवाळीत मी "१०,००० भरा, १३,००० ची सेवा घ्या" असे पॅकेज काढले. नेहमीच्या ग्राहकांनीच ते घेतले. दोन आठवड्यांत चाळीस पॅकेजेस गेली, म्हणजे चार लाख रुपये हातात आले. एवढी रक्कम एकदम मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. त्यातून मी केस धुण्याच्या दोन नव्या खुर्च्या घेतल्या, जुना एसी बदलला आणि मुलींना दिवाळीचा बोनस दिला. रोजमेळात ते चार लाख सरळ नोव्हेंबरच्या विक्रीत लिहिले आणि "या महिन्यात विक्रम झाला" म्हणून घरी पेढेही नेले.

जानेवारीत त्याचा हिशेब लागला. त्या महिन्यात रेट कार्डाप्रमाणे ३,४०,००० रुपयांचे काम झाले आणि चारही खुर्च्या दिवसभर चालू होत्या. मात्र त्यातले १,५०,००० रुपयांचे काम पॅकेजवाल्यांचे होते, त्यामुळे गल्ल्यात प्रत्यक्ष आले १,९०,०००. भाडे, पगार, माल आणि वीज मिळून खर्च होता २,६३,०००. म्हणजे ७३,००० रुपये कमी पडले आणि दिवाळीचे चार लाख तर एसी होऊन भिंतीवर बसले होते. त्याच आठवड्यात आमच्या सीएंनी विचारले, "मॅडम, पॅकेजच्या आगाऊ रकमेवरचा जीएसटी नोव्हेंबरच्या रिटर्नमध्ये दाखवलात ना?" मी तो दाखवला नव्हता, कारण कर सेवा देताना लागतो अशी माझी समजूत होती. तेव्हाच्या १८ टक्के दराने त्या चार लाखांत सुमारे ६१,००० रुपये कराचेच होते, आणि तेही व्याजासकट भरावे लागले. माझ्या दोन बांगड्या त्या महिन्यात तारण गेल्या.

यातली गोष्ट समजायला सोपी आहे, पण पैसे समोर दिसत असताना ती मनाला पटत नाही. ग्राहकाने आगाऊ दिलेली रक्कम ही तुमची कमाई नसून तुमचे देणे आहे, आणि ते देणे पैशांनी न फेडता केस कापून, रंगवून आणि क्लीन-अप करून फेडायचे असते. म्हणून ताळेबंदात तिची जागा विक्रीत नाही, "ग्राहकांकडून आगाऊ जमा" या देण्याच्या खात्यात आहे. ग्राहक येऊन जितकी सेवा घेईल तितकीच रक्कम त्या खात्यातून काढून उत्पन्नात न्यायची. आपल्या लेखाकर्मात हा नियम जुना आहे आणि तो मोठ्या कंपन्यांपुरता नाही. चार खुर्च्यांच्या सलूनला तो जास्तच लागतो, कारण आपल्याकडे चूक पोटात घालायला भांडवल नसते.

माझी यावरची सवय सांगते. पॅकेजचे पैसे मी वेगळ्या बँक खात्यात ठेवते, आणि सोमवारी सलून बंद असते तेव्हा मागच्या आठवड्यात जेवढी सेवा पॅकेजमधून गेली तेवढेच पैसे मुख्य खात्यात वळवते. पुस्तकी नोंद सीएंनाही करता येईल, पण वेगळ्या खात्यामुळे माझा स्वतःचा हात आवरला जातो. "ताई, एवढे कशाला, एक्सेलमध्ये ठेवू" असे म्हणणाऱ्या मुलींना मी एवढेच सांगते की एक्सेलमधला आकडा एसी विकत घेण्यापासून कोणाला थांबवत नाही.

बोनसची रक्कम उत्पन्न म्हणून लिहिणे

ही चूक मला आजही सर्वांत जास्त दिसते. पॅकेज विकणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती आपोआप होते, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही.

सोपे आकडे घेऊ. सलून सेवांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे. रेट कार्ड कर वगळून आहे असे धरा. ग्राहकाने १०,००० अधिक ५०० कर असे १०,५०० रुपये दिले आणि तुम्ही तिच्या नावावर १२,५०० रुपयांची शिल्लक लिहिली. विकण्याच्या दिवशी बँकेत १०,५०० आले, त्यातले ५०० सरकारचे आणि १०,००० आगाऊ जमा. वरचे २,५०० कोणीही दिलेले नाहीत, त्यामुळे पुस्तकात ते कुठेही यायला नकोत.

पंधरा दिवसांनी ती येते, ६०० चा कट आणि १,४०० चा हेअर स्पा घेते. तिच्या शिल्लकेतून २,००० वजा होतात आणि तिला १०,५०० शिल्लक दिसते. हे बरोबर आहे. पण तुमचे उत्पन्न २,००० नाही. १२,५०० ची सेवा तुम्ही १०,००० ला विकली आहे, म्हणजे रेट कार्डाच्या प्रत्येक रुपयामागे तुम्हाला ८० पैसेच मिळाले आहेत. म्हणून उत्पन्न १,६०० आणि पुस्तकातली आगाऊ शिल्लक ८,४०० होते. ग्राहकाला दिसणारा आकडा आणि पुस्तकातला आकडा वेगळे असतात आणि वेगळेच असायला हवेत. पहिल्याला ०.८ ने गुणले की दुसरा आला पाहिजे : १०,५०० गुणिले ०.८ बरोबर ८,४००.

सॉफ्टवेअर मात्र बिलावर २,००० ची विक्री छापते. मालकीण ती तशीच टॅलीत चढवते. पॅकेज संपेपर्यंत उत्पन्न १२,५०० लिहिले जाते, मिळालेले असतात १०,०००, आणि मग आगाऊ जमेचे खाते उलटे पडते, म्हणजे देण्याच्या खात्यात उणे आकडा दिसू लागतो. काही जणी तो घालवण्यासाठी वर्षाअखेरीस "सूट" नावाची एक मोठी नोंद टाकतात. त्याने ताळेबंद जुळतो, पण वर्षभर कोणत्या महिन्यात खरी कमाई किती झाली हे कायमचे पुसले जाते. आगाऊ जमेच्या खात्यात एकाही ग्राहकाची शिल्लक उणे दिसली, तर इथेच चुकले आहे असे समजावे.

ही चूक पगारातही शिरते. कारागिराचे कमिशन रेट कार्डाच्या २,००० वर द्यायचे की १,६०० वर, हे पॅकेज विकायच्या आधी ठरवा आणि मुलींना स्पष्ट सांगा. मी रेट कार्डावर देते, कारण सूट देण्याचा निर्णय माझा होता आणि तिचे कष्ट तेवढेच आहेत. मग तो खर्च मला पॅकेजची किंमत ठरवतानाच धरावा लागतो. पॅकेज विकल्याबद्दल वेगळे कमिशन आणि सेवा दिल्याबद्दल पुन्हा पूर्ण कमिशन असे दोनदा देणाऱ्या जागा मी पाहिल्या आहेत. तिथे पॅकेज खपते फार जोरात.

सूट किती, हे शेजारच्या सलूनकडे बघून ठरवणे

माझ्या २०१८ च्या पॅकेजमध्ये पैशांचे खाते वेगळे ठेवले असते तरी जानेवारीत फार काही उरले नसते. पॅकेजचे १,५०,००० चे काम खऱ्या किमतीने आणि कर वजा करून धरले, उरलेल्या रोख विक्रीतूनही कर काढला, तर त्या महिन्याची कमाई जेमतेम खर्चाएवढी भरते. तीस टक्के बोनस म्हणजे सुमारे २३ टक्के सूट, आणि ती मी कोणताही हिशेब न करता दिली होती. समोरच्या इमारतीतले सलून पंचवीस टक्के बोनस देत होते, म्हणून मी तीस दिला. याहून वेगळे कारण नव्हते.

हिशेब करायचा तर एक सेवा घेऊन करावा. १,५०० रुपयांचा रूट टच-अप घ्या. ट्यूब, डेव्हलपर, हातमोजे वगैरे मिळून माल ३७५ चा आणि कारागिराचे कमिशन १० टक्क्यांनी १५०, म्हणजे पूर्ण दरात ९७५ उरतात आणि त्यातून भाडे, पगार, वीज भागते. २० टक्के सूट दिली तर हाती १,२०० येतात, माल आणि कमिशन तेवढेच राहते आणि उरतात ६७५. ग्राहकाच्या दृष्टीने सूट पाचवा हिस्सा आहे, पण तुमच्या हाती उरणारे पैसे जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने कमी झालेले असतात. शिवाय ५ टक्के दर आल्यापासून मालावरच्या आणि भाड्यावरच्या जीएसटीची वजावट मिळत नाही. दुकानाच्या भाड्यावरचा १८ टक्के कर आता सरळ खर्चात जातो. जुन्या १८ टक्क्यांच्या काळातले पॅकेजचे गणित तसेच पुढे चालवणाऱ्यांनी हा खर्च पुन्हा मांडून बघावा.

आता हे ६७५ चांगले की वाईट, ते खुर्ची कधी भरते यावर आहे. बुधवारी दुपारी दोन वाजता ती रिकामीच राहणार असेल, तर ६७५ मिळाले हे उत्तमच. पण दिवाळीच्या आधीच्या शनिवारी त्याच खुर्चीसाठी पूर्ण दर देणारी बाई बाहेर उभी असते आणि तिला परत पाठवून तुम्ही पॅकेजवालीला बसवता, तेव्हा तुम्ही ३०० रुपये घालवता आणि नवे गिऱ्हाईकही. माझ्या पॅकेजवर म्हणून ठळक अक्षरांत लिहिलेले असते की दिवाळीच्या आधीचे दहा दिवस आणि ३१ डिसेंबर वगळून सेवा मिळेल, आणि मंगळवार ते गुरुवार दुपारी आलात तर एक थ्रेडिंग वर. श्रावणात केस कापणारे कमी होतात, म्हणून त्या महिन्यात पॅकेजवाल्यांना मी स्वतः फोन करून स्पा आणि क्लीन-अपला बोलावते. देणे फेडायला त्याहून चांगला काळ नाही.

केराटिन आणि स्मूदनिंग पॅकेजमध्ये घालू नका. माल महाग, तीन-चार तास खुर्ची अडते आणि सुटीत काहीच उरत नाही. "अनलिमिटेड" हा शब्द तर पॅकेजवर लिहूच नका. वॅक्सिंगसाठी तो लिहिणाऱ्या एका मैत्रिणीकडे एकाच कार्डावर आई, दोन मुली आणि कॉलेजातल्या मैत्रिणी येऊन जात होत्या. कार्ड किती जणींनी वापरायचे ते आधी लिहा, मी घरातल्या दोघींना परवानगी देते. ओळखीच्या दुसऱ्या सलूनमध्येही आपली शिल्लक चालेल अशी सोय काढायचा मोह होत असेल तर तो आवरा. स्वतःच्याच दुकानात वापरायच्या शिल्लकेला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही, पण ती दुसऱ्याच्या दुकानात चालू लागली की गोष्ट त्यांच्या नियमांत जाते.

कर दोनदा भरणे, किंवा एकदाही न भरणे

तुमची नोंदणी असेल, आणि महाराष्ट्रात सेवांसाठी ती २० लाखांच्या वार्षिक उलाढालीनंतर लागते, तर सेवेच्या आगाऊ रकमेवर जीएसटी पैसे मिळाले त्या महिन्यातच लागतो. वस्तू विकणाऱ्यांना आगाऊ रकमेवरच्या करातून २०१७ मध्ये सूट मिळाली, पण ती सेवांना नाही. शाम्पू विकणाऱ्या दुकानदाराचा सल्ला इथे चालत नाही तो याच कारणाने.

पुढे दोन रस्ते आहेत. पॅकेज विकतानाच पूर्ण रकमेचे कर बिल द्यायचे आणि नंतर प्रत्येक भेटीला फक्त वजावटीची चिठ्ठी द्यायची, हा पहिला. पैसे घेताना रिसीट व्हाउचर द्यायचे, GSTR-1 च्या तक्ता 11A मध्ये आगाऊ रक्कम दाखवायची आणि सेवा दिल्यावर बिल करून 11B मध्ये ती वजा करायची, हा दुसरा. सीएंशी बोलून एक निवडा आणि तोच ठेवा. घोळ होतो तो अर्धा हा आणि अर्धा तो केल्याने : पॅकेजवर कर भरलेला असतो आणि रिसेप्शनवरची मुलगी प्रत्येक भेटीला पुन्हा कर लावून बिल काढते. ओळखायची खूण अशी की रिटर्नमधली करपात्र विक्री तुमच्या बँकेत आलेल्या रकमेपेक्षा महिनोन्महिने जास्त दिसते.

दर बदलला तेव्हा या दोन रस्त्यांतला फरक फार महागात पडला. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी ज्यांनी पैसेही घेतले होते आणि बिलही केले होते, त्यांच्या पॅकेजवर कायद्याच्या कलम १४ नुसार जुनाच १८ टक्के दर राहिला. ज्यांनी फक्त व्हाउचर दिले होते आणि बिल नंतर सेवेच्या वेळी केले, त्यांना त्या सेवेपुरता ५ टक्के लागला. "आता कर कमी झाला, माझे उरलेले परत द्या" म्हणत आलेल्या काकूंना हे समजावताना माझा चहा थंड होत असे.

मेंबरशिपला पॅकेजसारखेच वागवणे

मेंबरशिप वेगळी असते. वर्षाला १,२०० रुपये भरा आणि प्रत्येक सेवेवर १५ टक्के सूट घ्या, अशा योजनेत ग्राहक सेवा विकत घेत नाही, सुटीचा हक्क विकत घेते. म्हणून ती फी वर्षभर पसरायची, दरमहा १०० रुपये उत्पन्नात, मग ती त्या महिन्यात येवो वा न येवो. प्रत्येक भेटीचे बिल नेहमीसारखे, सूट वजा करून. एवढेच.

महिनाअखेरीस जुळवणी न करणे

महिन्याच्या सुरुवातीची आगाऊ शिल्लक, अधिक नवी पॅकेजेस, वजा दिलेल्या सेवांचे उत्पन्न, वजा परतावा, वजा मुदत संपलेली रक्कम. हा आकडा आणि सर्व ग्राहकांच्या शिल्लकांची ०.८ ने गुणलेली बेरीज सारखी यायला हवी. पहिल्या वर्षी माझ्याकडे १,२०० चा फरक आला. शोधल्यावर कळले की एका मुलीने १,५०० चा टच-अप मैत्रिणीला करून दिला होता आणि नंतर तो एका नियमित ग्राहकाच्या कार्डावर चढवला होता. त्या ग्राहकाने शिल्लक कमी दिसते म्हणून तक्रार केली, तेव्हा रिसेप्शनने माझ्या माघारी कार्डावर १,५०० परत चढवले, पण पुस्तकात उत्पन्न लिहिलेलेच राहिले. तेव्हापासून प्रत्येक वजावटीनंतर ग्राहकाच्या मोबाइलवर शिल्लक जाते. ग्राहकाइतका बारकाईने हिशेब कोणी तपासत नाही.

मुदत संपलेल्या शिल्लकेचे पैसे मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी उत्पन्नात ओढण्याची घाई करू नका. मी साठ दिवस थांबते, दोनदा फोन करते आणि मगच नोंद करते. बाळंतपणासाठी माहेरी गेलेली ग्राहक चौथ्या महिन्यात परत येते आणि आपली शिल्लक गेली म्हणून शेजारच्या सलूनमध्ये जाते, हे मी पाहिले आहे. मुदत सहा महिन्यांहून कमी ठेवणाऱ्यांना न वापरलेल्या शिल्लकेतूनच कमवायचे असते, असे माझे मत आहे.

परताव्याचा नियम आधी न लिहिणे

"पैसे परत मिळणार नाहीत" असे छापून सुटका होत नाही. कोणी बदली होऊन पुण्याला जाते, कोणाला रंगाची ॲलर्जी निघते. माझा नियम असा की पॅकेज मधेच सोडले तर बोनस रद्द होतो आणि घेतलेल्या सेवा पूर्ण दराने धरल्या जातात. वरच्याच उदाहरणात २,००० ची सेवा घेऊन ग्राहक थांबली तर तिला ८,००० आणि त्यावरचा कर ४०० परत मिळतो. पुस्तकात तिच्या नावे ८,४०० शिल्लक असतात, कराची रक्कम त्यात धरलेली नसते, म्हणून ८,००० दिल्यावर उरलेले ४०० उत्पन्नात जातात, कारण तिने घेतलेल्या सेवेची किंमत आता १,६०० नसून २,००० झाली. वरचा कर आपल्याच खिशातून जाऊ नये यासाठी कागद नीट करावा लागतो : व्हाउचर दिले असेल तर रिफंड व्हाउचर, बिल दिले असेल तर क्रेडिट नोट. हा नियम पॅकेजच्या पावतीमागे छापलेला असतो आणि पैसे घेण्याआधी मी तो ग्राहकाला स्वतः वाचून दाखवते. दहापैकी एखादी तो ऐकून पॅकेज घेत नाही, आणि पुढच्या वेळी नेहमीसारखी रोख पैसे देऊन केस कापून जाते.